कादंबरी आपल्याला ‘तू’ म्हणते तेव्हा

एकच वाक्य तीन तऱ्हेने लिहून बघा. ‘तो अंधाऱ्या बोळात शिरला.’ ‘मी अंधाऱ्या बोळात शिरलो.’ ‘तू अंधाऱ्या बोळात शिरतोस.’ पहिलं वाचताना आपण लांबून बघत असतो, दुसरं वाचताना कोणीतरी स्वतःची हकीकत सांगतंय आणि आपण ऐकतोय असं वाटतं, आणि ही दोन्ही आपल्या अंगवळणी पडलेली आहेत कारण जवळपास सगळ्या कादंबऱ्या याच दोन पद्धतींनी लिहिलेल्या असतात. तिसऱ्या वाक्याला मात्र डोकं लगेच उलट उत्तर देतं, की छे, मी कुठे बोळात शिरले, मी तर इथे पलंगावर पाय पसरून पुस्तक वाचतेय. आणि तरी पुढचं वाक्य येईपर्यंत बोळातला अंधार आपल्याला दिसायला लागलेला असतो. ‘ही मी नाही’ आणि ‘हे माझ्याच बाबतीत घडतंय’ ही दोन्ही एकाच वेळी चालू राहतात, आणि सेकंड पर्सनमधल्या, म्हणजे द्वितीय पुरुषी निवेदनाच्या कादंबरीचं सगळं बळ या ओढाताणीत असतं.

एक गोष्ट आधी वेगळी काढून ठेवू. जुन्या मराठी कादंबऱ्यांमध्ये लेखक मधेच थांबून ‘वाचकहो’ म्हणत आपल्याशी बोलायचे, ते इथे अभिप्रेत नाही. तिथे आपण वाचकच राहतो, खुर्चीत बसलेले, आणि गोष्टीतली कामं दुसरं कोणीतरी करत असतं. खऱ्या द्वितीय पुरुषी कादंबरीत गोष्टीतली क्रियापदंच आपल्या नावावर लावलेली असतात. दार तू उघडतोस, खोटं तू बोलतोस, प्रेमातही तूच पडतोस.

आता विचार करा, रोजच्या जगण्यात आपलीच गोष्ट आपल्याला कोण सांगतं? आई सांगते, की लहानपणी तू यात्रेत हरवली होतीस, जे आपल्याला अजिबात आठवत नसतं. डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतात की तुमच्या शरीरात असं असं चाललंय. ज्योतिषी सांगतो की पुढच्या वर्षी तुम्ही परदेशी जाल. आणि पोलीस सांगतात, की तुम्ही नऊ वाजता घरातून निघालात, साडेनऊला स्टेशनवर होतात, मग तिथे कोणाला भेटलात? या चौघांत एक गोष्ट सारखी आहे ती म्हणजे प्रत्येकाला आपल्याबद्दल असं काहीतरी माहितीये जे आपल्याला माहीत नाही, किंवा माहीत असून आपण बोलत नाहीयोत. म्हणून आई ‘तू’ म्हणते तेव्हा ऊब वाटते, पोलीस ‘तुम्ही’ म्हणतात तेव्हा पोटात गोळा येतो, पण दोन्ही वेळा आपण कान टवकारून ऐकतो. कादंबरी आपल्याला ‘तू’ म्हणायला लागली की नकळत हा प्रश्न मनात तयार होतो, की हे बोलतंय कोण आणि याला माझ्याबद्दल काय माहितीये.

हा पोलिसांचा मुद्दा माझा नाही, मिशेल ब्युतोर या फ्रेंच लेखकाचा आहे. त्याची ‘ला मॉदिफिकासिओं’ ही १९५७ सालची कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत आदरार्थी ‘तुम्ही’मध्ये आहे. पॅरिसमधल्या एका कंपनीतला पंचेचाळिशीचा अधिकारी सकाळच्या गाडीने रोमला निघालाय, नेहमी कंपनीच्या पैशाने पहिल्या वर्गात बसणारा आज तिसऱ्या वर्गात बसलाय कारण ही ट्रिप गुपचूप आहे, बायकोला सोडून रोममधल्या मैत्रिणीला पॅरिसला आणायचं असं त्याने ठरवलंय. पहिल्याच वाक्यात ‘तुम्ही’ डब्याच्या दारातल्या पितळी खाचेवर डावा पाय ठेवलेला असतो आणि उजव्या खांद्याने सरकतं दार ढकलायचा प्रयत्न करत असता. नंतर ब्युतोरने एका निबंधात समजावलं, की ज्या माणसाला काही कारणाने स्वतःची गोष्ट स्वतः सांगता येत नाही, त्याची गोष्ट ‘तुम्ही’मध्ये सांगावी लागते, तपास अधिकारी जसा गप्प बसलेल्या साक्षीदाराची तुकड्या-तुकड्यांतली माहिती जोडून त्यालाच ऐकवतो तशी. आणि या कादंबरीत तेच होतं. गाडीत बसलेल्या माणसाला स्वतःचं मन कळलेलं नाही, तासन् तास गाडी चालते, शेजारचे प्रवासी चढतात-उतरतात, जुन्या प्रवासांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात, आणि रोमला पोचेपर्यंत ठरवलेला बेत त्याच्या हातातून निसटून गेलेला असतो. ‘मी’ म्हणून त्याने हे सांगितलं असतं तर त्याला हे आधीच उमगलंय असं झालं असतं. ‘तुम्ही’मुळे तो आणि आपण दोघेही बरोबरीने अंधारात राहतो.

पण मला खरं तर ज्या पुस्तकात नीट शिरायचंय ते दुसरं आहे, मेक्सिकोच्या कार्लोस फुएन्तेसची ‘आउरा’, १९६२ सालची. पाच प्रकरणांची लहानशी कादंबरी, एका दुपारी वाचून होते. आणि ‘तू’ कसा काम करतो हे बघायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. पुढे शेवट सांगणार आहे, सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही, तेव्हा ज्यांना आधी पुस्तक वाचायचंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

सुरुवात अशी. तू पेपरमधली एक जाहिरात वाचतोस. एका स्वस्तातल्या कॅफेत बसलायस, सिगारेटची राख चहाच्या कपात पडते तिकडे लक्ष नाही. जाहिरात म्हणते, तरुण इतिहासकार पाहिजे, शिस्तीचा, काटेकोर, फ्रेंच उत्तम हवं, महिना तीन हजार पेसो, जेवण आणि राहायला खोली. आणि तुला वाटतं की ही जाहिरात दुसऱ्या कोणासाठी नाहीच, फक्त तुझं नाव छापायचं राहिलंय.

इथे जरा थांबून बघू की फुएन्तेसने काय केलंय, कारण हे फार हुशारीने केलेलं आहे. पहिल्या वाक्यात ‘तू’ काय करतोस, तर वाचतोस. आपणही त्या क्षणी तेच करत असतो. म्हणजे ‘छे, हा मी नाही’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही, पहिली क्रिया खरी निघाली. राशीभविष्य वाचताना होतं ना, पहिलं वाक्य जुळलं की पुढची दोन न जुळणारीही आपण जुळवून घेतो, तसंच इथे होतं. मग हळूहळू पट्टा आवळला जातो. तू इतिहासकार आहेस, पॅरिसला शिकलायस, खाजगी शाळांमध्ये मास्तरकी करून महिन्याला नऊशे पेसो मिळवतोस आणि तुझं नाव फेलिपे मोन्तेरो. यातलं काहीच माझ्याशी जुळत नाही, पण ते येईपर्यंत मी आत शिरलेली असते. जाहिरातीला उत्तर कोणी द्यायचं हे ठरलेलं असतं आणि ती जाहिरात आमच्या दोघांच्या नावाची असते, फेलिपेच्या आणि माझ्या.

दुसऱ्या दिवशी जाहिरात पुन्हा येते, पगार चार हजार झालेला. पत्ता, दोन्सेलेस रस्ता, ८१५ नंबर, मेक्सिको शहराच्या जुन्या भागातला. तू जातोस. दारावर कुत्र्याच्या डोक्याच्या आकाराची कडी. आत मिट्ट काळोख, कुजलेल्या मुळांचा आणि ओलीचा वास. तू काडी पेटवायला जातोस तर आतून एक बाईचा आवाज म्हणतो की काडी नको, सरळ तेरा पावलं चाला, उजवीकडे जिना आहे, बावीस पायऱ्या आहेत, मोजा.

या ‘मोजा’पाशी माझं दरवेळी असं होतं की मी खरंच मनात मोजायला लागते. आणि आपण मोजायला लागतो म्हणजे काय, तर घरातली म्हातारी फेलिपेला जे करायला लावतेय तेच पुस्तक आपल्याला करायला लावतंय. एक आवाज सांगतो, दुसरा मुकाट्याने करतो. ही कादंबरीची रचना आहे आणि हीच तिची गोष्टही आहे, जी आपल्याला फार उशिरा कळते.

घरात ती म्हातारी आहे, कोन्सुएलो, जनरल योरेन्तेची विधवा. जनरलच्या आठवणींचे फ्रेंचमधले कागद नीट लावून छापण्याजोगे करायचे, हे काम. अट एकच, काम होईपर्यंत याच घरात राहायचं. तू मागेपुढे बघत असतोस, इतक्यात तिची भाची येते, आउरा, हिरव्या डोळ्यांची, आणि तू हो म्हणून मोकळा होतोस. पुढे पुढे तुझ्या लक्षात येतं की या दोघींचं काहीतरी विचित्र आहे. जेवणाच्या टेबलावर म्हातारी जशी हात हलवते तशीच आउरा हलवते. एकदा तू स्वयंपाकघरात डोकावतोस तर आउरा बकरीचं करडू कापतेय, तुझ्याकडे बघूनही तिला तू दिसत नाहीस, तू पळत म्हातारीच्या खोलीत जातोस तर ती एकटीच उभी राहून हवेत हात चालवतेय, समोर नसलेल्या जनावराचं कातडं सोलत असल्यासारखी.

‘तो’मध्ये लिहिलेल्या भुताच्या गोष्टीत अशा वेळी आपण मनात ओरडतो, अरे पळ तिथून! तो ऐकत नाही, पण आपण ओरडू तरी शकतो, आपली जागा वेगळी आहे. इथे तसं करता येत नाही. मला कळतंय की या घरात काही ठीक नाही आणि पुढच्या ओळीत ‘तू’ ठरवतोस की आउराला या म्हातारीच्या तावडीतून सोडवायचं. मी असं ठरवलेलं नसतं. मला तर दरवाजा कुठे आहे ते बघायचं असतं. पण वाक्य माझ्या नावावर लिहून झालेलं आहे. सेकंड पर्सनचं जे अस्वस्थपण लोक सांगतात ते मला वाटतं बहुतेक इथून येतं, आपल्याला माहीत असलेलं आणि आपल्या नावावर केलं जाणारं यांच्यात अंतर पडत जातं आणि आपल्याकडे बोलायला तोंड नसतं.

यात भर म्हणजे काळ. कादंबरी वर्तमानकाळात सुरू होते, तू वाचतोस, तू जातोस, पण मधूनच ती भविष्यकाळात सरकते. तू हा दिवस इतर दिवसांसारखाच घालवशील. तू जिना चढशील. तू दार ढकलशील. हे भविष्य म्हणजे अंदाज नाहीये, ते ठरून गेलेलं आहे, त्यात आज्ञेचाही सूर आहे, संमोहन करणारा माणूस ‘आता तुझे डोळे जड होतील’ म्हणतो त्यातला. तुझ्या हातून काय घडणार हे सांगणाऱ्याला आधीपासून माहितीये. प्रश्न तोच, हे सांगतंय कोण?

आता शेवट. जनरलचे कागद वाचता वाचता तू हिशोब करतोस आणि कोन्सुएलोचं वय १०९ निघतं. कागदांमध्ये जनरलच्या तरुण बायकोच्या हिरव्या डोळ्यांचं वर्णन असतं. मग तू जुने फोटो काढून बघतोस. एका फोटोत आउरा आहे, जनरलच्या शेजारी. आणि तू जनरलच्या पांढऱ्या दाढीवर हात ठेवून ती झाकतोस, केस काळे असतील असं मनात आणून बघतोस, आणि त्या चेहऱ्यात तुला तू सापडतोस, पुसट, हरवलेला, विसरलेला, पण तूच. फुएन्तेसने तिथे ‘तू’ तीनदा लिहिलाय, एकापुढे एक, तू, तू, तू.

आउरा म्हणजे कोन्सुएलोने स्वतःच्या तरुणपणातून उभी केलेली आकृती आहे, आणि फेलिपेला या घरात बोलावलंय ते मेलेल्या जनरलच्या जागी. जाहिरात खरोखरच त्याच्यासाठी होती. शेवटच्या पानावर कोन्सुएलो, जी सुरुवातीला त्याच्याशी अदबीने बोलत होती, त्याला नावाने हाक मारून म्हणते की ती परत येईल फेलिपे, आपण दोघं मिळून तिला परत आणू.

आणि इथे मागे वळून पाहिलं की ‘तू’चं कारण कळतं. पहिल्या पानापासून जो आवाज ‘तू वाचतोस, तू जाशील, तू चढशील’ म्हणतोय तो काय करतोय, तर एका रिकाम्या जागेत एक जिवंत माणूस ओढून आणतोय. म्हातारीला जनरलसाठी देह हवाय. आणि ‘तू’ या शब्दालाही कोणीतरी भरावं लागतं, त्याला स्वतःचं असं काही नसतं, जो ऐकेल तो त्यात शिरतो. आपण शिरलो, आपल्याला वाटलं ही जागा आपली, आणि शेवटी कळतं की ती साठ वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसासाठी राखून ठेवलेली होती. तो आवाज कोन्सुएलोचाच आहे असं कादंबरी कुठे साफ सांगत नाही, काही जणांना तो फेलिपेच्या आतला जनरल वाटतो, आणि दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मला स्वतःला तो तिचा वाटतो, त्या भविष्यकाळामुळे. इतक्या खात्रीने पुढचं सांगायला पुढचं घडवणारंच कोणीतरी लागतं.

या कादंबरीत ओढून घेणं आणि अस्वस्थ करणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. जितकं सहज आत घेतलं तितकं शेवटी जास्त टोचतं. पहिलं वाक्य ‘तू जनरल योरेन्तेचा पुनर्जन्म आहेस’ असं असतं तर आपण हसून पुस्तक मिटलं असतं.

आता ‘तू’मध्ये बसताना बाईचं काय होतं हा प्रश्न मला सोडता येत नाही, कारण मी वर सगळीकडे ‘वाचतोस, जातोस’ लिहिलंय. मराठीत याला इलाज नाही, वर्तमानकाळात ‘तू’ आला की क्रियापद लगेच विचारतं, मुलगा की मुलगी? तू वाचतोस की तू वाचतेस. मूळ स्पॅनिशमध्ये ‘तू वाचतोस’ आणि ‘वाचतेस’ यांना एकच रूप आहे, म्हणजे तिथे पहिल्या ओळीला बाई निवांत आत येऊ शकते. मराठी लेखकाला मात्र दोन पळवाटा आहेत आणि दोन्ही छान आहेत. एक म्हणजे ‘तुम्ही’, तुम्ही वाचता, तुम्ही आलात, यात बाई-पुरुष कळत नाही, पण मग ती जवळीक जाते आणि ब्युतोरच्या गाडीतलं ते अदबीचं, चौकशी केल्यासारखं अंतर येतं. दुसरी पळवाट भविष्यकाळाची. तू जाशील, तू चढशील, तू मोजशील. यात कोणीही मावतं. म्हणजे ‘आउरा’तला तो ठरून गेलेला भविष्यकाळ मराठीत आणखी एक काम करून जातो, जे मेक्सिकोत बसून फुएन्तेसच्या डोक्यात असायचं काही कारण नव्हतं.

ही बाई-पुरुषाची अडचण एका लेखकाने कादंबरीतच आणून ठेवलीये, इतालो काल्विनोने, ‘हिवाळ्यातल्या एका रात्री एखादा प्रवासी’ अशा अर्थाचं नाव असलेल्या १९७९ च्या इटालियन कादंबरीत. तिची सुरुवात म्हणजे वाचकाला आत घेण्याची कमाल आहे. तू काल्विनोची नवी कादंबरी वाचायला घेणार आहेस, आरामात बस, टीव्ही चालू असेल तर दुसऱ्या खोलीचं दार लाव, पाय कशावर तरी टेकव. हे शंभर टक्के जुळतं. मग वाचता वाचता लक्षात येतं की पुस्तकाच्या बांधणीत घोटाळा आहे, तीच पानं पुन्हा पुन्हा येतायत, वाचक दुकानात बदलून घ्यायला जातो, आणि तिथे त्याला भेटते ल्युदमिला, तीही तेच पुस्तक बदलायला आलेली, आणि वाचकाला ती आवडते. इथे कळतं की इतका वेळ जो ‘तू’ कोणीही होता तो एक पुरुष आहे आणि बाई ही दुकानात भेटणारी दुसरी वाचक आहे. मी ते वाचलं तेव्हा दुकानातून कोणीतरी हळूच बाहेर काढल्यासारखं झालं, राग असा नाही, पण आधीची पानं ज्या मोकळेपणाने वाचली होती तसं पुढे वाचता आलं नाही. काल्विनोला हे माहीत होतं हे नक्की, कारण पुस्तकाच्या मध्यावर तो चक्क ‘तू’ फिरवतो आणि थोडा वेळ ल्युदमिलाला उद्देशून बोलायला लागतो, तिचं घर कसं आहे, स्वयंपाकघर काय सांगतं, पुस्तकं कशी ठेवलीयेत. थोडाच वेळ, मग पुन्हा जुना ‘तू’ परत येतो. मला ते पुरेसं वाटत नाही, पण ‘तू’ म्हणणं म्हणजे कोणालातरी बाहेर ठेवणं पण असतं, हे दाखवून द्यायची त्याची तयारी आहे, ती बऱ्याच लेखकांची नसते.

मग आपल्याकडे काय, असं कोणी विचारेल. कादंबरीचं नको, पण मराठी कानाला हे निवेदन परकं नाहीये. रामदासांचे मनाचे श्लोक बघा, ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’, दोनशे पाच श्लोक, मनाला उद्देशून. म्हणणारा स्वतःच्या मनाशी बोलतोय, पण आपण म्हणायला लागलो की ते मन आपलं होतं. लहानपणी पाठ करताना कोणालाच असं वाटलेलं नसतं की हे रामदासांचं त्यांच्या मनाशी चाललेलं खाजगी बोलणं आहे. स्वतःला ‘तू’ म्हणणं हा सेकंड पर्सनचा एक मोठा प्रकार आहे, बऱ्याच कादंबऱ्यांत ‘तू’ हा लाजलेला किंवा तुटलेला ‘मी’ असतो, स्वतःकडे बघवत नाही म्हणून माणूस स्वतःला दुसऱ्यासारखं संबोधतो. तिथे वाचक थेट निशाण्यावर नसतो, तो बाजूला उभा राहून ऐकत असतो, आणि म्हणून ते कमी टोचतं. ‘मना’ म्हटलेलं असल्यामुळे कोणाला उद्देशून आहे ते पहिल्या शब्दात कळतं. कादंबरीत ते कळत नाही, आणि जितका वेळ कळत नाही तितका वेळ ताण टिकतो.

हे नेहमी जमतं असं मुळीच नाही. सेकंड पर्सनमध्ये लिहिलेली कितीतरी पानं मी अर्ध्यात सोडलीयेत, आणि बहुतेक वेळा कारण एकच होतं, लेखक फार लवकर माझ्या भावना सांगायला लागला. ‘तू दार उघडतेस’ हे मी मान्य करते, दार उघडायला माझं काय जातंय. ‘तुझ्या हाताला कडी गार लागते’ हेही चालतं, गार कडी मला माहितीये. पण तिसऱ्याच ओळीत ‘तुला आईची आठवण येऊन भडभडून येतं’ म्हटलं की मी म्हणते, नाही, मला नाही येत, आणि एकदा हे ‘नाही’ पक्कं झालं की पुढचं प्रत्येक वाक्य मी तपासत बसते. ‘आउरा’च्या पहिल्या पानांत काय काय आहे बघा, राख, चहाचा कप, बसच्या भाड्यासाठी खिशातून काढलेली चिल्लर, दाराची कडी, तेरा पावलं. हात, डोळे, नाक यांचीच कामं. मन फार मागून येतं आणि तोवर ते आपलं झालेलं असतं.

दुसरी अडचण लांबीची. सतत कोणी नाव घेऊन बोलत राहिलं की दोन तासांनी ते ऐकू येईनासं होतं, आपण डोक्यात आपोआप ‘तू’च्या जागी ‘तो’ वाचायला लागतो. यावरून एक साधी परीक्षा करता येते. हातात सेकंड पर्सनमधलं पुस्तक असेल तर एक पान घ्या आणि मनात सगळीकडे ‘तू’ काढून ‘तो’ किंवा ‘ती’ घालून वाचा. काहीच गमावलं नाही असं वाटलं तर लेखकाने ‘तू’ नुसता सजावटीला वापरलाय. ‘आउरा’चं फोटोचं पान असं वाचून बघा, तो दाढी झाकतो आणि त्याला त्या चेहऱ्यात तो सापडतो. गोष्ट तीच राहते, पुनर्जन्माची एक बरी भयकथा, पण आपलं त्यात काही गेलेलं नसतं. ब्युतोरचं पुस्तक लांब आहे आणि तिथे मधल्या पानांमध्ये हा ‘तुम्ही’ खरंच थोडा विरतो, डब्यातल्या गोष्टींची वर्णनं वाचताना मी कितीदा तरी विसरले की मला कोणी काही म्हणतंय, आणि मग एखाद्या वाक्यात क्रियापद समोर आलं की दचकायला होतं.

लांब कादंबरीवर फुएन्तेसने स्वतः काढलेला उपाय त्याच वर्षी आला, १९६२ मध्येच, ‘आर्तेमियो क्रुसचा मृत्यू’ या मोठ्या कादंबरीत. ७१ वर्षांचा एक बडा धनाढ्य माणूस अंथरुणावर मरतोय, आणि त्याची गोष्ट तीन आवाजांत आळीपाळीने येते, ‘मी’ म्हणजे दुखणारं शरीर, ‘तो’ म्हणजे आयुष्यातले जुने प्रसंग, क्रांतीतले, लग्नाचे, दगाबाजीचे, आणि ‘तू’. ‘तू’ची पानं थोडी-थोडीच येतात आणि म्हणून विरत नाहीत. आणि तिथे भविष्यकाळ आणखी पुढे नेलाय, होऊन गेलेल्या गोष्टीही त्यात सांगितल्यात. ‘काल तू विमानाने परत येशील’ असं लिहिलंय तिथे, काल आणि येशील एकाच वाक्यात. पहिल्यांदा वाचताना छापायची चूक वाटते, पण दोन-तीन पानं गेली की लक्षात येतं, या माणसाकडे आता उद्या उरलेलाच नाहीये, म्हणून त्याच्याशी बोलणारा आवाज त्याचा काल त्याला पुन्हा पुढे ठेवून देतोय, तेव्हा जे निवडलंस ते आता परत निवडशील असं म्हणत, आणि प्रत्येक वेळी तो तेच निवडतो.